गुडघ्याच्या वाटीखाली आलेलं दुखरं टेंगूळ

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने रंगतात आणि शाळकरी मुलांचा सराव सकाळ-संध्याकाळ असा दुप्पट होतो. ऑर्थोपेडिक डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे एक ठरावीक तक्रार घेऊन मुलं येऊ लागतात ती याच सुमारास. वय बारा ते पंधरा, उंची नुकतीच झपाट्याने वाढलेली. कुठे दुखतं असं विचारलं की मुलगा सगळ्या गुडघ्यावरून हात फिरवत नाही. वाटीच्या दोन बोटं खाली, नडगीच्या हाडावर वर आलेल्या एका उंचवट्यावर तो नेमकं बोट ठेवतो. तिथे दाबलं की कळ येते. सोबतच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावर दोनच शंका असतात: हाड मोडलं की काय, किंवा गाठ तर नाही ना?

बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. या त्रासाला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. बॉस्टनचे रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिकचे कार्ल श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचं वर्णन केलं. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती आणि वाढत्या मुलांची हाडं आतून कशी दिसतात हे डॉक्टर नुकतंच पाहू लागले होते.

आत काय होतं ते आधी समजून घ्यायला हवं, कारण उपचारातला प्रत्येक सल्ला तिथूनच निघतो. मांडीच्या पुढच्या बाजूला चार मोठे स्नायू आहेत. खाली येऊन ते एकत्र होतात, गुडघ्याच्या वाटीला धरतात आणि वाटीच्या खालून एक जाड, चिवट कंडरा बनून नडगीच्या हाडाला पुढून चिकटतात. पाय सरळ करणं, पळताना अंग पेलणं, उडी मारणं, चेंडूला किक मारणं या सगळ्यांत मांडीची ताकद याच एका जागेतून नडगीपर्यंत पोचते. मोठ्या माणसात ती जागा पक्क्या हाडाची असते. वाढत्या मुलात मात्र ती अजून कूर्चेची, म्हणजे मऊ, हाड होऊ घातलेल्या भागाची असते. पावसाने भिजलेल्या मातीत तंबूची खुंटी ठोकली आणि दोर ताणत राहिलं तर खुंटी लगेच उपटून येत नाही, पण तिच्याभोवतीची माती थोडी थोडी उचलली जाते. इथेही तसंच होतं. प्रत्येक ताणाने कूर्चेला बारीक इजा होते, ती जागा सुजते, हुळहुळी होते. शरीर तिथे नवं हाड घालून डागडुजी करतं आणि त्या डागडुजीचंच टेंगूळ तयार होतं.

मग सगळ्याच मुलांना हे का होत नाही? याचं उत्तर वाढीच्या वेगात आहे. वयात येताना मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटीमीटर वाढतो. आधी हाडं लांब होतात. मांडीचे स्नायू त्या लांबीला जुळवून घ्यायला वेळ घेतात, तोवर ते ताठर राहतात आणि कंडरा कायम थोडी ताणलेली असते. वजन वाढतं, ताकद वाढते, त्यामुळे प्रत्येक किकचा जोरही वाढतो. म्हणजे ओढ वाढते आणि जिथे ओढ बसते ती जागा सगळ्यात कच्ची असते, नेमकी त्याच एक-दोन वर्षांत. मुली लवकर वयात येतात, म्हणून त्यांच्यात हा त्रास साधारण दहा ते तेराच्या दरम्यान दिसतो, मुलांमध्ये बारा ते पंधराच्या. पूर्वी हे मुलांचंच दुखणं समजलं जाई. मुली जोरात खेळू लागल्या तसा तो फरक कमी होत गेला.

कॅल्शियम कमी पडल्याने हे होत नाही. हे ठासून सांगावं लागतं, कारण पहिला उपाय म्हणून घरोघरी कॅल्शियमच्या गोळ्याच सुरू होतात. मुलाला दूध, डाळी, अंडी जरूर द्यावीत, पण त्याने हे टेंगूळ बसणार नाही. आणि हे ‘वाढीचं दुखणं’ही नव्हे. वाढीचं दुखणं रात्री येतं, दोन्ही पायांच्या पोटऱ्या किंवा मांड्या ठणकतात, सकाळी मूल उड्या मारत शाळेत जातं आणि बोट ठेवून दाखवावी अशी एकही जागा सापडत नाही. ऑसगुड-श्लॅटर नेमक्या एका जागी दुखतं, खेळल्यावर वाढतं आणि विश्रांतीने उतरतं.

आता एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. तेरा वर्षांचा, आठवीत शिकणारा, उजव्या पायाने किक मारणारा मिडफिल्डर. जूनमध्ये शिवलेली शाळेची पँट दिवाळीपर्यंत घोट्याच्या वर गेली. शाळेचा सराव आठवड्यातून तीन संध्याकाळी, तालमीच्या मैदानावर तीन सकाळी, रविवारी सामना, वर गल्लीतला खेळ. हिशोब केला तर आठवड्याला दहा तासांच्या वर जातो, आणि दोन महिन्यांपूर्वी तो याच्या निम्माच होता. आधी सरावानंतर संध्याकाळी डावा गुडघा दुखायचा. मग पळतानाच दुखायला लागला. आता जिना उतरताना दुखतो आणि देवघरात गुडघे टेकले की डोळ्यांत पाणी येतं.

किक उजव्या पायाने आणि दुखणं डाव्या पायात, हे ऐकून वडील गोंधळतात. पण किक मारताना सगळं अंग डाव्या पायावर पेललेलं असतं. वाकलेल्या गुडघ्याला त्या क्षणी धावण्याचा वेग थोपवायचा असतो, तोल सांभाळायचा असतो. फुटबॉल खेळणाऱ्यांत आधाराच्या पायाला हा त्रास अनेकदा होतो. दोन्ही गुडघे दुखणारी मुलंही कमी नाहीत.

तपासणी साधी असते. टेंगळावर दाबल्यावर दुखतं, पण वाटीच्या वर, कडांना आणि सांध्याच्या फटीत दुखत नाही. सांध्यात पाणी नाही, गुडघा पूर्ण वाकतो आणि पूर्ण सरळ होतो. मुलगा खुर्चीवर बसून पाय सरळ करत असताना डॉक्टरांनी हाताने विरोध केला की नेमकी तीच कळ येते. पालथं झोपवून टाच कुल्ल्याकडे नेली तर उजवी टाच टेकते आणि डावी चांगली वीतभर आधीच अडते, कारण मांडीचा स्नायू ताठरलेला आहे. पाठीवर झोपून गुडघा न वाकवता पाय वर उचलता येतो. यात कंबरेच्या सांध्याची, म्हणजे खुब्याची तपासणी मुद्दाम करायची असते. या वयात खुब्यातलं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं. मुलगा लंगडत असेल आणि पाय आत वळवताना अडत असेल, तर गुडघ्याकडे बघत बसण्यात मोलाचा वेळ जातो.

एवढं सगळं जुळत असेल तर एक्स-रेची गरज बहुधा नसते. काढलाच तर त्यात हाडाचा छोटा तुकडा सुटलेला दिसू शकतो, आणि अहवालात ‘फ्रॅक्चर’सारखा शब्द वाचून घरात रडारड होते. पण या वयात ती जागा वेगवेगळ्या केंद्रांतून हाडाची होत असते, त्यामुळे अजिबात न दुखणाऱ्या मुलाच्या एक्स-रेतही ती तुकड्या-तुकड्यांची दिसू शकते. त्या चित्राचा अर्थ मुलाच्या पायावर बोट ठेवूनच लावावा लागतो.

काही गोष्टी मात्र दिसल्या तर थांबायचं नाही. उडी मारताना किंवा जोरात किक मारताना ‘कट्’ असा आवाज येऊन अचानक असह्य दुखलं, पायावर उभं राहता येईना, गुडघा सरळ ठेवून पाय उचलता येईना, तर कंडरेने हाडाचा तो भाग खरोखर उपटलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, कारण पायात सूज दाटून रक्तपुरवठ्यावर दाब येण्याचा धोका असतो आणि काहींना ऑपरेशन लागतं. त्याचप्रमाणे खेळाशी संबंध नसलेलं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं, सगळा गुडघा सुजणं किंवा गाठ आठवड्यागणिक वाढत जाणं ही ऑसगुड-श्लॅटरची लक्षणं नाहीत. वाढत्या वयात हाडाचा कॅन्सर गुडघ्याच्या आसपासच जास्त होतो आणि आपल्याकडे हाडाचा क्षयही दिसतो. दोन्ही विरळ आहेत, पण अशी लक्षणं असताना एक्स-रे टाळणं चुकीचं आहे.

आता आपल्या आठवीतल्या मुलाचं काय करायचं? दोन टोकाचे सल्ले त्याच्या कानावर आलेच असतील. कुणी म्हणतं, सहा महिने मैदानावर पाय ठेवू नकोस. कुणी म्हणतं, खेळाडूने दुखणं सहन करायचं असतं. पूर्वी डॉक्टर अशा मुलांचा पाय काही आठवडे प्लास्टरमध्येही घालत. पाय पूर्ण अडकवला की दुखणं थांबतं, पण मांडी बारीक होते, ताकद जाते, आणि मुलगा परत मैदानावर उतरला की आधीच्याच भाराला आता दुबळा पाय तोंड देतो. सहन करत खेळत राहिलं तर ती जागा कधी शांतच होत नाही. खरा उपाय या दोन्हींच्या मध्ये आहे: भार मोजून कमी करायचा आणि मोजूनच वाढवायचा.

मोजायचा कसा? मुलाला दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायला शिकवा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट. खेळताना आकडा दोनपर्यंत असेल तर चालू ठेवायचं. तीन ते पाच झाला तर त्या दिवसाचा जोर कमी करायचा, किक आणि उड्या बंद. पाचच्या वर गेला की त्या दिवशी खेळ थांबला. याला जोडून दुसरी अट: दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना दुखणं आदल्या सकाळइतकंच किंवा कमी असायला हवं. सकाळी ते जास्त असेल, तर काल खेळताना कितीही बरं वाटलं तरी कालचा भार जास्तच होता. मुलं हा हिशोब पटकन शिकतात. आईवडिलांनी विचारत बसण्यापेक्षा मुलाने स्वतः वहीत आकडा लिहिलेला बरा, कारण मग त्याला कुणी खेळायला मनाई केली असं वाटत नाही.

पहिल्या चार आठवड्यांत धावण्याचे वेगवान फटके, उड्या, जोरदार शॉट आणि सामने बंद. चेंडूवरचा ताबा, जवळचे पास, बसल्या जागची किंवा चालत करायची कसरत चालते. पोहणं चालतं. सायकल चालवायची तर सीट उंच ठेवून, सपाट रस्त्यावर. शाळेत शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावत असतील, किंवा तालमीत बैठकांचे आकडे मोजले जात असतील, तर त्या थांबवायला हव्यात, कारण खोल वाकलेल्या गुडघ्यात त्याच जागेवर ताण सगळ्यात जास्त येतो. गुडघ्यावर बसणं, वज्रासनही, काही दिवस टाळावं. टेकवावंच लागलं तर खाली जाड उशी घ्यायची.

या काळात पाय रिकामा ठेवायचा नसतो. जमिनीवर पाय सरळ करून बसायचं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि गुडघ्याने तो खाली दाबायचा. दहा सेकंद धरायचं, सोडायचं, असं दहा वेळा, रोज. यात गुडघा वाकत नाही, पण मांडी काम करते. त्याच्या जोडीला पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर उचलून धरायची, म्हणजे कुल्ल्याचे आणि मांडीमागचे स्नायू घट्ट होतात. पाचव्या आठवड्यापासून, आकडा दोनच्या आत राहत असेल तर, भिंतीला पाठ टेकवून अर्धं बसणं, मग साध्या अर्ध्या बैठका, मग एक पाय पुढे टाकून वाकणं. व्यायाम अवघड करत न्यायचा, पण एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, म्हणजे दुखलं तर कशाने दुखलं ते कळतं.

मांडीचा पुढचा स्नायू ताणण्याबाबत एक सावधगिरी. ताठरपणा हे कारण आहे म्हणून काही प्रशिक्षक मुलाची टाच पकडून कुल्ल्याला लावतात आणि जोरात दाबतात. दुखण्याच्या ऐन भरात असं केलं तर त्याच कच्च्या जागेवर ओढ बसते. ताण मांडीच्या मधोमध जाणवला पाहिजे. टेंगळावर जाणवला तर तिथेच थांबायचं. मांडीमागचे आणि पोटरीचे स्नायू मात्र सुरुवातीपासून हलके ताणायला हरकत नाही.

खेळानंतर रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावला की बरं वाटतं. काहींना वाटीच्या खाली बांधायच्या पट्ट्याने आराम पडतो. पडला तर वापरावा, नाही पडला तर सक्ती नको. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या प्रमाणात एखाद-दुसऱ्या दिवशी घेणं वेगळं आणि सामना खेळता यावा म्हणून गोळी घेऊन मैदानावर उतरणं वेगळं. दुसरं करू नये, कारण वहीतला आकडा तेव्हा खोटा होतो. टेंगळात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ नये. त्याने कंडरा कमकुवत होऊ शकते आणि वरची त्वचा पातळ पडते. हाड ‘बसवणाऱ्या’कडून ते टेंगूळ चोळून, दाबून बसवून घेणंही तितकंच वाईट. ते जागचं सरकलेलं हाड नसतं, त्यामुळे बसवण्यासारखं तिथे काहीच नसतं, आणि आधीच सुजलेली जागा रगडल्याने आणखी सुजते.

मैदानावर परत जायचं ते पायऱ्या-पायऱ्यांनी. जिना न दुखता उतरता आला की हलकं धावणं. ते दोन-तीन वेळा निभलं की दिशा बदलत धावणं, मग लांब पास, मग गोलवर शॉट, मग हेडरसाठी उडी. सगळ्यात शेवटी सामना, तोही आधी अर्धाच. प्रत्येक पायरीला वहीतले तेच दोन नियम. कुठे अडलं तर एक पायरी मागे यायचं, पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची गरज नसते.

किती दिवस लागतील, हे खरं सांगितलं पाहिजे. डेन्मार्कमध्ये दहा ते चौदा वर्षांच्या ५१ मुलामुलींना याच पद्धतीने, म्हणजे भार कमी करून आणि व्यायाम वाढवत नेऊन, बारा आठवडे उपचार दिले गेले. २०२० साली त्याचे निष्कर्ष आले. बारा आठवड्यांनी ८० टक्के मुलं बरी वाटत असल्याचं सांगत होती. पण खेळात पूर्ण परतलेली तेव्हा फक्त १६ टक्के होती, आणि वर्षभराने ६९ टक्के. बरं वाटणं आणि सामना खेळण्याइतका पाय तयार होणं यात काही महिन्यांचं अंतर असतं, आणि बहुतेक घरांत घाई होते ती नेमकी याच अंतरात. आपला आठवीतला मुलगा डिसेंबरच्या स्पर्धेला कदाचित मुकेल. पुढच्या हंगामात तो खेळण्याची शक्यता चांगली आहे.

मधल्या काळात दुखणं परत डोकं वर काढू शकतं, विशेषतः उंचीची दुसरी झेप आली की. म्हणून दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंची टिपून ठेवणं उपयोगी पडतं. तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटीमीटरची वाढ दिसली तर त्या काळात सरावाचे तास वाढवायचे नाहीत, आणि शाळेचा प्रशिक्षक व तालमीचा प्रशिक्षक या दोघांना एकमेकांचं वेळापत्रक माहीत असायला हवं. दोन्हीकडचा सराव आपापल्या जागी रास्तच असतो. बेरीज कुणीच करत नाही, आणि मुलाच्या गुडघ्यावर पडते ती बेरीज.

हाडाची ती जागा पक्की झाली, म्हणजे मुलींमध्ये साधारण पंधराव्या आणि मुलांमध्ये सतराव्या वर्षाच्या आसपास, की ओढ बसायला कच्चा भाग उरत नाही आणि बहुतेकांचं दुखणं संपतं. टेंगूळ मात्र राहतं. ते हाडच आहे, त्यामुळे विरघळणार नाही, आणि दुखत नसेल तर त्याचं काही करायचंही नाही. थोड्या जणांना मोठेपणीही गुडघा टेकल्यावर दुखतं. अशा वेळी कंडरेच्या आत हाडाचा एखादा सुटा तुकडा राहिलेला असू शकतो. तो सतत टोचत असेल आणि बाकी उपायांनी भागत नसेल, तर ऑपरेशन करून काढता येतो. पण वाढ पूर्ण झाल्यावरच. त्याआधी तिथे शस्त्र चालवलं तर वाढीच्या भागाला इजा होऊन गुडघा वाकडा वाढू शकतो, म्हणून तेराव्या वर्षी कुणी ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं.